खोडदची जाळी आणि पाय-गटांचा हिशेब

नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षबागांच्या आणि उसाच्या मधून अचानक पांढुरक्या जाळीच्या अवाढव्य ताटल्या दिसू लागतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या एकूण ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तबकडी पत्र्याची नाही, ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे. जवळून पाहिलं तर तिच्यातून पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसतं. वारा अडू नये म्हणूनच ही जाळी. म्हणून पाय-गटांची पद्धत समजावून सांगायला मला या तबकडीइतकं चांगलं उदाहरण जुन्नर-आंबेगावात दुसरं सापडत नाही.

प्रश्न साधा आहे : वारा तबकडीवर किती जोर लावतो? तो जोर म्हणजे F. तो हवेची घनता ρ, वाऱ्याचा वेग V, व्यास D आणि हवेची श्यानता μ यांवर अवलंबून असेल, असं आधी धरू.

गैरसमज : पाय म्हणजे वर्तुळाचा ३.१४.

मुळीच नाही. एडगर बकिंगहॅमने १९१४ च्या लेखात या गटांसाठी ग्रीक अक्षर Π वापरलं, आणि गणितात Π ही गुणाकाराची खूण आहे. राशींचे घात घेऊन गुणाकार करायचा आणि मिती उरू द्यायची नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

गैरसमज : राशींच्या संख्येतून तीन वजा केले की गटांची संख्या मिळते.

आपल्या प्रश्नात मिळते खरी. राशी पाच, मिती तीन (वस्तुमान M, लांबी L, काळ T), म्हणून गट दोन. पुन्हा पुन्हा वापरायला ρ, V, D घ्यायचे, कारण या तिघांत मिळून तिन्ही मिती येतात आणि त्यांचा आपसात मितिहीन गट जमत नाही. F·ρᵃ·Vᵇ·Dᶜ यात मिती शून्य व्हायला हव्यात :

M : 1 + a = 0
T : −2 − b = 0
L : 1 − 3a + b + c = 0

यातून a = −1, b = −2, c = −2. पहिला गट F/(ρV²D²). μ साठी हेच केलं की μ/(ρVD) येतो. तो उलटा केला की रेनॉल्ड्झ अंक.

पण याच तबकडीतला दुसरा प्रश्न घ्या. जाळी जिच्यावर ताणून बसवली आहे, ती चौकट तारदोरांची आहे. दोन टोकांत ताणलेल्या एखाद्या दोराचा स्वतःच्या वजनाने किती झोळ पडेल? झोळ s, अंतर l, दर मीटरचं वजन w, ताण H. राशी चार. तीन वजा केले तर एकच गट उरतो, आणि इथे विद्यार्थी हमखास अडकतो. समीकरणं मांडून बघा. ताणाची मिती MLT⁻², w ची MT⁻². दोन्हीकडे M बरोबर T⁻² जोडीनेच येतो, त्यामुळे M चं समीकरण आणि T चं समीकरण एकच निघतं, फक्त उणे दोनने गुणलेलं. स्वतंत्र समीकरणं दोनच, म्हणून गट दोन : s/l आणि wl/H. राशींतून वजा करायची असते ती स्वतंत्र समीकरणांची संख्या. ती नेहमी तीन असते असं नाही.

गैरसमज : ही पद्धत सूत्र देते.

याच झोळावर हे तपासता येतं. पद्धत एवढंच सांगते की s/l हे wl/H चं कुठलं तरी फल आहे. दोराचा खरा समतोल मांडला तर झोळ थोडा असताना s/l = (1/8)(wl/H) मिळतं. तो एक-अष्टमांश आणि ते सरळ प्रमाण, दोन्ही पद्धतीबाहेरून आलं. तिने आपले कष्ट वाचवले ते चार राशींच्या ठिकाणी दोनच गट हाताळायला देऊन. प्रयोग करायचा तर एक आलेख पुरतो.

गैरसमज : गट बरोबर सुटले म्हणजे उत्तर बरोबर.

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, कारण इथे बीजगणितात एकही चूक सापडत नाही. वरच्या वाऱ्याच्या हिशेबाकडे परत या. ताशी ४० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. घनता १.१ किलो दर घनमीटर आणि श्यानता 1.8 × 10⁻⁵ धरली तर ४५ मीटर व्यासावरचा रेनॉल्ड्झ अंक सुमारे ३ कोटी येतो. पण वाऱ्याला ४५ मीटरची भिंत भेटतच नाही. त्याला भेटते अर्ध्या मिलिमीटरची तार. तारेच्या जाडीवर तोच अंक काढला तर येतो सुमारे ३७०. कुठे ३ कोटी, कुठे ३७०!

आपण राशींच्या यादीत तारेची जाडी d आणि जाळीचा चौकोन p धरलाच नव्हता. आता राशी सात झाल्या, गट चार : F/(ρV²D²), ρVd/μ, d/p आणि D/p. शिवाय तबकडीचा वाऱ्याशी होणारा कोन. कोनाला मितीच नसल्याने तो आपोआप एक गट असतो, आणि म्हणूनच यादीतून सहज सुटतो. तबकडी वाऱ्यासमोर उभी आहे की आभाळाकडे तोंड करून आहे, यावर जोर किती बदलतो ते वेगळं सांगायला नको.

d/p मुळे केवढा फरक पडतो ते पाहा. तबकडीच्या मधल्या भागात चौकोन १० मिलिमीटरचे आहेत, त्याच्या बाहेर १५ चे आणि कडेला २० चे. तारांनी झाकलेलं क्षेत्र 1 − (1 − d/p)² इतकं, म्हणजे मध्यभागी सुमारे ११ टक्के आणि कडेला साडेपाच टक्के. बाकी सगळी मोकळी हवा. जुन्या यादीनुसार ही तबकडी आणि पत्र्याची तबकडी यांच्यात काहीच फरक नव्हता. यादीत काय राहून गेलं हे ओळखायची खूण हीच आहे : एकाच रेनॉल्ड्झ अंकाला दोन वस्तूंचे F/(ρV²D²) वेगळे आले, तर एखादी राशी बाहेर राहिली आहे.

गैरसमज : छोटं मॉडेल केलं की सगळे गट जुळवता येतात.

शंभरपट लहान, ४५ सेंटिमीटरची तबकडी वात-बोगद्यात ठेवली असं समजा. व्यासावरचा रेनॉल्ड्झ अंक त्याच हवेत जुळवायचा तर वारा शंभरपट हवा, सेकंदाला ११०० मीटर, म्हणजे आवाजाच्या तिप्पट वेग. त्या वेगाला हवा दबते, आणि ध्वनीचा वेग ही नवीच राशी यादीत शिरते. वारा तसाच ठेवून जाळीही शंभरपट बारीक केली, तर तारेवरचा अंक ३७० वरून चारच्या खाली उतरतो. तिथे तारेचा रोध-गुणांक तिपटीहून जास्त असतो, कारण श्यानतेची पकड वाढते. मग मॉडेल खऱ्या तबकडीबद्दल चुकीचं बोलू लागतं.

अशा वेळी काय सोडायचं हे ठरवावं लागतं. मी D/p सोडेन. खऱ्या जाळीचा तुकडा खऱ्याच वेगाच्या वाऱ्यात ठेवला तर ρVd/μ आणि d/p दोन्ही जुळतात. त्या तुकड्यावरचा दर चौरस मीटरचा जोर मोजायचा आणि तिन्ही जाळ्यांच्या क्षेत्रफळांनुसार, कोन लक्षात घेऊन, बेरीज करायची. वारा जाळीतून बराचसा पार जात असल्यामुळे असं करता येतं. भरीव तबकडीत कडेभोवती वळणारा प्रवाह सगळ्या तबकडीवर परिणाम करतो, तिथे तुकड्यांची बेरीज फसेल. आणि जाळीमागच्या नळ्या, दोर, खालचा आधार यांचा जोर वेगळा काढावा लागतो. नळीची जाडी तारेच्या कितीतरी पट आहे, तेव्हा तिचा रेनॉल्ड्झ अंकही तिच्या स्वतःच्या व्यासावरच मांडायचा.