खसखस, बेसिक आणि तांबू गाय

मराठी घरात निरोपाच्या जेवणात आई उभी राहून चार शब्द बोलत नाही. ते काम दुसऱ्याचं. कोकणात तर त्यासाठी गाऱ्हाणं आहे. देवापुढे नारळ ठेवून घरातला कर्ता पुरुष ग्रामदेवतेला साकडं घालतो, जमलेले 'व्हय महाराजा' म्हणतात, आणि जाहीर निरोप तिथे संपतो. आईचं बोलणं नंतर, वाढता वाढता सुरू होतं. अर्धं वाक्य एका वड्याबरोबर, उरलेलं रश्श्याबरोबर. ऐकणाऱ्याला वाटतं ही नेहमीचीच काळजी आहे. नीट ऐकलं तर त्यात बऱ्याचदा पक्की माहिती असते, आणि ती कुणीतरी किंमत मोजून मिळवलेली असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका घरात असं जेवण मी जेवलो. आयटीआय केलेला मुलगा वायरमन म्हणून दुबईला निघाला होता. त्याचे वडील वीस-बावीस वर्षं तिकडेच होते. कोकणातल्या बापयांची जुनी वाट मुंबईच्या गिरण्यांची. 1973 नंतर तेलाचे भाव चढले तशी आखाताची वाट उघडली, आणि 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईची वाट आक्रसत गेली. त्यामुळे या आईला परदेश म्हणजे काय ते नवीन नव्हतं. नवऱ्याची पत्रं, नंतर एसटीडीचे फोन, त्याची दोन वर्षांनी मिळणारी रजा यांतून ती आखात चांगलंच शिकलेली होती.

कोंबडी-वड्यांची पंगत बसली आणि पहिलाच वाद उभा राहिला तो डिंकाच्या लाडवांवरून. मुलाच्या आत्याने दोन किलो लाडू करून आणले होते, वरून खसखस लावलेले. आईने डबा उघडला, पाहिला आणि परत आत्याच्या पुढ्यात ठेवला. "वन्सं, लाडू इथेच खाऊ. ह्याच्याबरोबर एक दाणा जायचा नाही." आत्याचा चेहरा पडला. पण आईचं बरोबर होतं. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखशीवर बंदी आहे. अफूच्या बोंडातलंच ते बी, आणि त्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो म्हणून तिकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात ते सापडतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळतं, हे तिथल्या विमानतळावर सांगून काही उपयोग नसतो.

लाडवांवरची खसखस निदान दिसते. खरी पंचाईत दळलेल्या मसाल्याची असते. मालवणी मसाल्यात बऱ्याच घरी धणे-बडीशेपेबरोबर खसखसही भाजून घालतात आणि दळल्यावर ती ओळखू येत नाही. म्हणून या आईने मुलासाठी अर्धा किलो मसाला खसखस न घालता वेगळा केला होता. तोही वर्षाच्या मसाल्याआधी दळून आणलेला, कारण गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ राहतं. इतका विचार मी तरी केला नसता.

तिचा पुढचा नियम त्याहून कडक होता. गावातून कुणी आखातात निघाला की शेजारपाजारचे लोक आपापल्या मुलांसाठी पुडकी आणून देतात. कुळथाचं पीठ, आमसुलं, कुणाची औषधं. त्या रात्रीही ओटीवर तीन पुडकी जमली होती. आई मुलाला म्हणाली, "शिवलेलं, चिकटवलेलं काही घेऊ नकोस. ज्याला द्यायचंय त्याने इथे उघडून दाखवावं." एका पुडक्यात दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, चिठ्ठीशिवाय. ती बाजूला काढली गेली. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं अमिरातीत आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत, मग ती स्वतःची असोत की शेजाऱ्याची. बॅग ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. शेजारी रागावले असतील. आईने त्यांनाही वडे वाढले.

मग पगाराचा विषय निघाला. मामा कौतुकाने म्हणाले, सोळाशे दिरहॅम म्हणजे वाईट नाही. आईने रश्श्याचा डाव हातात धरूनच विचारलं, "त्यातलं बेसिक किती?" नवऱ्याचं बेसिक कायम लहान होतं. नोकरी सोडताना हाती आलेली रक्कम पाहून दोघं गप्प झाली होती, ते तिच्या चांगलं लक्षात होतं.

मुलाच्या पत्रात बेसिक नऊशे होतं, उरलेले सातशे राहण्या-जेवण्याचे भत्ते. अमिरातीच्या कामगार कायद्यात नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचं बेसिक. नऊशेला तीसने भागून एकवीसने गुणलं तर वर्षाचे 630 दिरहॅम होतात, पाच वर्षांचे 3,150. पूर्ण पगार बेसिक असता तर तेच 5,600 झाले असते. जादा कामाचा दरही बेसिकवरूनच निघतो. शिवाय एक वर्ष सलग पूर्ण झालं नाही तर ग्रॅच्युइटी नाहीच. म्हणून आईचं म्हणणं साधं होतं. नोकरी बदलायची झाली तरी वर्ष भरल्याशिवाय बदलू नकोस, आणि बदलताना एकूण आकड्याबरोबर बेसिकही विचार. एवढंच बघूनही चालत नाही, हे खरं. बेसिक मोठं पण राहण्याचा खर्च आपला, अशा पत्रात माणूस उलट नाडला जातो.

पासपोर्टबद्दल ती एकदाच बोलली. "तो कुणाला ठेवायला द्यायचा नाही. मागितला तर झेरॉक्स दे." मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं अमिरातीत बेकायदा आहे, तरी 'ऑफिसात सुरक्षित राहील' असं म्हणून घेणारे असतात. वडील म्हणाले, आमचे सगळ्यांचे कंपनीच्या तिजोरीतच असायचे. आई म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

भात वाढताना मात्र तिने जे सांगितलं ते मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं. कामगारांच्या खोलीत सहा-आठ जण असतात, फोनवर मोकळं बोलता येत नाही. कधी मुकादम शेजारी उभा असतो, आणि बहुतेक वेळा घरच्यांना घोर नको म्हणून मुलगाच 'सगळं ठीक' म्हणतो. या घरातली तांबू गाय मागच्या पावसाळ्यात विकली होती. आई म्हणाली, "काही बिनसलं, पगार थकला, कागद अडकवले, तर मला विचार, तांबू दूध किती देते. मी समजेन. मग तुझे बाबा पुढचं बघतील." पुढचं म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. दुबईतल्या भारतीय वकिलातीचा नंबर आणि ऑफर लेटरची प्रत देवघरातल्या फडताळात ठेवली होती. मुलगा हसला. धाकटी बहीण म्हणाली, चुकून खरंच विचारलंस तर?

शेवटचं बोलणं पैशाचं होतं आणि तिथे पंगतीत दोन तट पडले. वडिलांच्या मनात घरावर स्लॅब टाकायचा होता. आई म्हणाली, पहिलं वर्ष एजंटसाठी काढलेलं कर्ज फेड, दुसरं वर्ष स्वतःच्या खात्यात टाक, स्लॅबचं नाव काढू नकोस. खाडीपट्ट्यात आखाताच्या पैशावर उठलेली मोठी घरं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असतं. तिचं बोट खिडकीतून दिसणाऱ्या अशाच एका दुमजली घराकडे गेलं. "आम्ही दोघं म्हातारी. आठ खोल्या झाडायच्या कुणी?"

वडिलांनी उत्तर दिलं नाही, पण मान्यही केलं नाही. मुलगा दोघांकडे बघत ताक पीत होता. मामांनी मध्यस्थी केली की आधी गळकी कौलं बदलू, स्लॅबचं पहिल्या रजेत ठरवू. आई म्हणाली, रजेत ठरवू, पण तोवर पैसे त्याच्याच खात्यात राहतील. आणि सगळ्यांना भात विचारत फिरली.