किती खपले म्हणजे पुरे?

छोटुकूल या फ्रीजला समोरून दार नाही. त्याचं झाकण वर आहे, जुन्या पेटाऱ्यासारखं. उभ्या दाराचा फ्रीज उघडला की आतली गार हवा जड असल्यामुळे पायाशी सांडते. झाकण वर असलं की ती तळाशीच बसून राहते. त्रेचाळीस लिटरचा हा डबा आठेक किलोचा आहे, म्हणजे घरातल्या बाईला तो एकटीने उचलून दुसऱ्या खोलीत नेता यावा. वीज गेली तर तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. गोदरेज अँड बॉइस या कंपनीतल्या पगारदार माणसांनी तो घडवला.

साधारण त्याच काळात गुजरातेतल्या वांकानेरला मनसुखभाई प्रजापती नावाच्या कुंभाराने मातीचा फ्रीज केला, मिट्टीकूल. त्याला वीजच लागत नाही. वरच्या कप्प्यातलं पाणी भिंतींतून झिरपतं, बाहेरच्या अंगाने त्याची वाफ होते आणि आतला भाजीपाला गार राहतो. ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांचं दूध आणि भाजी कशी टिकवायची, हाच प्रश्न दोघांपुढे होता. एकाने तो कंपनीत राहून सोडवायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने स्वतःच्या जिवावर.

कंपनीत राहून नवा धंदा उभा करणाऱ्याला इंग्रजीत ‘इन्ट्राप्रेन्युअर’ म्हणतात. गिफर्ड आणि एलिझाबेथ पिंचॉट या अमेरिकन दांपत्याने 1978 साली ही कल्पना मांडली. स्वतंत्र उद्योजक आणि हा, यांच्यात काय फरक, असं विचारलं की लोक धोका, पगार आणि धाडस यांची नावं घेतात. मला त्याहून वेगळा फरक मोलाचा वाटतो. तो कळायला या दोन फ्रीजची कथा नीट पाहावी लागते.

गोदरेजने 1958पासून फ्रीज बनवले, तरी छोटुकूलचं काम सुरू झालं तेव्हा देशातल्या पाचांपैकी सुमारे चार घरांत फ्रीज नव्हता. 2006च्या सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांच्या विचारांच्या आधाराने कंपनीने या घरांकडे वळायचं ठरवलं. उपाध्यक्ष जी. सुंदररामन यांच्याकडे ही कामगिरी आली. पहिला विचार अगदी साहजिक होता: आहे तोच फ्रीज लहान आणि स्वस्त करायचा. पण माणसं खेड्यांत जाऊन घराघरांत बसली तेव्हा दिसलं की तिथे आठवड्याची भाजी कोणी भरत नाही. रोजची भाजी रोज येते. राखायचं असतं ते थोडं दूध, रात्रीचं उरलेलं कालवण आणि पिण्याचं गार पाणी. शिवाय भाड्याच्या एका खोलीत राहणारं कुटुंब कामासाठी गाव बदलतं, तेव्हा फ्रीजही सोबत निघाला पाहिजे.

मग कॉम्प्रेसरच काढून टाकला. त्याजागी आली अर्धवाहकाची चकती: तिच्यातून वीज गेली की एक बाजू गार होते, दुसरी तापते, आणि तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. नेहमीच्या फ्रीजमध्ये दोनशेच्या आसपास सुटे भाग असतात. इथे वीसेक पुरले. 2008 साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, सुमारे सहाशे बायकांना बोलावून नमुने दाखवले. त्यांनी सुचवलं ते आराखड्यात आलं. किंमत साडेतीन हजारांच्या आत ठेवली. विक्रेत्यांच्या साखळीत मार्जिन वाटत बसलं तर ती वाढणार, म्हणून बचत गट, संस्था आणि टपाल खात्यामार्फत विकायचा बेत झाला.

इथवर कंपनीत असण्याचा फायदा स्वच्छ दिसतो. पहिला विचार चुकला तरी कोणाची चूल बंद पडली नाही. प्रयोगशाळा होती, साचे करायला पैसा होता, आणि नाव असं की टपाल खातंही दार उघडतं.

आता मनसुखभाई. दहावी नापास. 1988 साली सावकाराकडून तीस हजार रुपये उसने घेऊन त्यांनी मातीच्या तावड्या, म्हणजे भाकरीचे तवे, यंत्रावर दाबून बनवायला सुरुवात केली. 2001च्या भूकंपानंतर ‘संदेश’ या दैनिकात फुटलेल्या माठाचा फोटो आला आणि त्याखाली मथळा होता, गरिबांचा फ्रीज फुटला अशा अर्थाचा. त्यांनी तो शब्द मनावर घेतला. माती कोणती, तिच्यात मिसळायचं काय, भट्टी किती तापवायची, हे चाचपडत ते 2005मध्ये विकण्याजोग्या फ्रीजपर्यंत पोचले. मधल्या वर्षांत कर्ज वाढत होतं. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांचा आधार मिळाला, पण चुकलेल्या प्रत्येक भट्टीची किंमत त्यांनी स्वतः मोजली. तव्यांचा धंदा चालू होता म्हणून ते तगले. स्वतंत्र उद्योजकालाही पोसणारं काहीतरी मागे लागतंच.

दोन्ही वस्तूंना निसर्गाच्या मर्यादा आहेत. मिट्टीकूल कोरड्या हवेत गार होतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत वाफच नीट होत नाही. छोटुकूल बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी खाली उतरतो. मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आत बावीस अंश राहतात. बर्फ होत नाही. इथेच गावातलं गिऱ्हाईक अडलं. तीन हजार रुपये घालायचे आणि पाहुण्याला बर्फ दाखवता येत नाही, त्यापेक्षा थोडे आणखी जमवून किंवा जुना का होईना, ‘खरा’ फ्रीज घेऊ, हा त्याचा हिशेब. मला तो चुकीचा वाटत नाही. छोटुकूल अपेक्षेइतका खेड्यांत गेला नाही. पुढे तो पानटपऱ्या, छोटी दुकानं आणि शहरातून गाडीने सहलीला जाणारी मंडळी, अशा गिऱ्हाइकांकडे वळला.

माझ्या मते खरा फरक या वळणावर आहे. समजा, दोन्ही फ्रीज वर्षाला पाच हजार खपले. वांकानेरच्या कारखान्यात तेवढ्यावर भट्टी पेटती राहते, मजुरांना काम मिळतं, पुढच्या वर्षी मातीत आणखी एक बदल करून पाहता येतो. लाखांनी फ्रीज विकणाऱ्या कंपनीत तोच आकडा बैठकीत मांडला तर साच्यांचा खर्च, माणसांचे पगार आणि कारखान्यातली जागा त्याच्यासमोर उभी राहते. विक्री तेवढीच. एकीकडे ती पोट भरते, दुसरीकडे तिला अपयश म्हणतात. म्हणून कंपनीतल्या उद्योजकाला चुकायची मुभा जास्त असते, पण लहान राहायची मुभा जवळजवळ नसते. बाहेरच्याचं अगदी उलट.

दुसरा फरक मालकीचा. मिट्टीकूल मनसुखभाईंचा आहे. छोटुकूल घडवणाऱ्यांना बढती आणि मान मिळू शकतो, पण वस्तू कंपनीची. स्टीव्ह वॉझ्निअॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला असताना त्यांनी स्वतः बनवलेला संगणक आधी कंपनीलाच देऊ केला. कंपनीने नको म्हटलं, हक्क सोडल्याचं कळवलं, आणि तोच संगणक 1976 साली अॅपलचा पहिला माल ठरला. नोकरीच्या करारात काय लिहिलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

तुम्ही नोकरीत असाल आणि डोक्यात अशी एखादी वस्तू घोळत असेल, तर वरिष्ठांकडे पैसे मागण्याआधी दोन गोष्टी करा. नेमणूकपत्रातलं शोधांच्या मालकीचं कलम वाचा. आणि किती वर्षांत किती नग खपले म्हणजे कंपनी हे काम चालू ठेवील, तो आकडा लिहून घ्या.