विशेषांकाचा संदर्भ: नाव कोणाचे आधी?

‘क्रिटिकल इन्क्वायरी’ या नियतकालिकाचा १९८५ सालचा एक विशेषांक वंश आणि लेखन या विषयावर होता. पाहुणे संपादक होते हेन्री लुई गेट्स, आणि गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा गाजलेला लेख त्यातलाच.

अख्ख्या अंकाबद्दल लिहायचे तर सुरुवात गेट्स यांच्या नावाने होते. नावापुढे ‘संपादक’, मग विशेषांकाचे शीर्षक, नियतकालिक, खंड १२, अंक १. पृष्ठांक लागत नाहीत.

मुद्दा स्पिव्हाक यांचा असेल, तर नाव त्यांचेच आधी, लेखाचे शीर्षक अवतरणात आणि शेवटी पृष्ठे २४३ ते २६१. इथे गेट्स यांचे नाव गाळले तरी चालते. स्पिव्हाक यांचे गाळणे मात्र सरळ अन्याय आहे. गेट्स यांची प्रस्तावना उद्धृत करताना तिलाही स्वतंत्र लेखच मानावे.