वाकलेलं बोट हाताने सरळ होतं का?

पायाच्या बोटांना दोन प्रकारचे स्नायू हलवतात. लांब स्नायू गुडघ्याखाली असतात आणि त्यांच्या कंडरा घोट्यावरून बोटांपर्यंत जातात. छोटे स्नायू पावलातच असतात. बोट बुडाशी खाली धरून पुढची पेरं सरळ ठेवायची, हे या छोट्या स्नायूंचं काम. ते दुबळे पडले की लांब स्नायूंची ओढ वरचढ ठरते. बोट बुडाशी वर उचललं जातं आणि पुढे खाली मुडपतं.

फक्त मधला सांधा वाकला तर त्याला ‘हॅमर टो’ म्हणतात. हे बहुधा दुसऱ्या बोटाचं दुखणं. ते अंगठ्यापेक्षा लांब असेल, बूट अरुंद असेल किंवा तिरका झालेला अंगठा त्याला रेटत असेल, तर ते वर्षानुवर्षं दुमडून राहतं. मधला आणि टोकाचा असे दोन्ही सांधे वाकून बोट नखरीसारखं झालं की तो ‘क्लॉ टो’. तो बऱ्याचदा एकाच वेळी अनेक बोटांना होतो. अशा वेळी शिरांचा आजार तपासावा लागतो. मधुमेह किंवा कुष्ठरोगाने तळव्याकडे जाणारी नस बिघडते आणि छोटे स्नायू निकामी होतात.

उपाय कोणता, हे एका साध्या तपासणीवर बरंचसं ठरतं. खुर्चीवर बसून पाय सैल सोडा. वाकलेल्या बोटाच्या बुडाखाली, चवड्यावर, हाताच्या अंगठ्याने वर दाबा. बोट सरळ झालं तर सांधा अजून लवचीक आहे. हाताने ओढूनही सरळ होत नसेल, तर तो आखडला आहे. आखडलेला सांधा पॅडने किंवा व्यायामाने सरळ होत नाही. तिथे त्यांचा उपयोग त्रास कमी करण्यापुरता.

समजा, साठीतल्या एक बाई आहेत. दुसऱ्या बोटाच्या उंचवट्यावर कुरूप झालंय आणि चवड्याखाली चालताना दुखतंय. कुरूप होतं ते बुटाच्या वरच्या भागाशी घासून. चवडा दुखतो, कारण वर उचललेलं बोट आपल्या बुडाचं हाड खाली दाबतं आणि तिथली चरबीची गादी पुढे सरकवतं. दोन जागा, दोन पॅड. बोटावर सिलिकॉनची किंवा फोमची नळी चढवायची. चवड्यासाठीचं पॅड मात्र दुखऱ्या जागेच्या थोडं मागे, टाचेच्या बाजूला बसवायचं. ते नेमकं दुखऱ्या हाडाखाली ठेवलं, तर दाब उलट वाढतो. आणि जाड पॅड घालून जुनेच घट्ट बूट वापरले, तर घासणं थांबत नाही.

म्हणून आधी पादत्राणं बदलायची. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, उभं राहून घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी, बोटांवर पुरेशी उंची हवी आणि टाच बुटकी हवी. मागे पट्टा नसलेली सैल चप्पल टाळावी. ती पायात टिकावी म्हणून बोटं सतत आवळली जातात. मधुमेहींना आणि कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांना मऊ एमसीआर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला दिल्या जातात, त्याचं हेही एक कारण.

एवढं करूनही बाईंना चालवेना, तर शस्त्रक्रियेचा विचार. सांधा लवचीक असेल तर बोट वाकवणारी कंडरा छोट्या छेदातून कापतात किंवा ती वरच्या बाजूला वळवून बसवतात. सांधा आखडला असेल तर मधल्या सांध्यातल्या हाडाचा छोटा तुकडा काढतात किंवा दोन हाडं सरळ रेषेत जोडतात. बऱ्याचदा त्यासाठी बोटात बारीक तार घालून ती 4 ते 6 आठवडे ठेवतात. अंगठा तिरका असेल तर त्याचाही उपचार बहुधा सोबत करावा लागतो, नाहीतर तो बोटाला पुन्हा रेटतो. सूज कित्येक महिने राहू शकते. बोट थोडं ताठ राहणं, जमिनीला न टेकणं किंवा पुन्हा वाकणं, हेही घडतं. पावलातला रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही, म्हणून तो आधी तपासतात. दुखत नसलेलं बोट निव्वळ दिसण्यासाठी सरळ करून घेऊ नये.

मधुमेहींच्या बाबतीत मात्र न दुखणं हाच धोका. संवेदना गेलेली असल्याने टोकाला पडलेली जखम कळत नाही. त्यांनी पाय रोज पाहावेत. कुरुपाची औषधी पट्टी लावू नये, तिच्यातलं ॲसिड चांगली त्वचाही जाळतं. ब्लेडने कुरूप कापू नये. बोटाच्या टोकाला घट्टा झाला, त्याखाली काळसर डाग दिसला किंवा पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. अशा बोटाची कंडरा वेळीच सैल केली, तर टोकावरचा दाब कमी होतो आणि जखम भरायला मदत होते. जखम हाडापर्यंत गेली, की प्रश्न बोट सरळ करण्याचा राहत नाही, ते वाचवण्याचा होतो.