‘विचार करता येईल’ यावर मतदान कसं घ्यायचं?

समजा, मुंबईतल्या ३५ वर्षं जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा शेवट असा आहे: ‘दुरुस्ती शक्य वाटते, पुनर्विकासाचाही विचार करता येईल, अधिक चाचण्या इष्ट.’ सर्वसाधारण सभेने यावर हात वर करायचा तरी कशासाठी?

सचिवांनी आधी चाचण्यांचे तक्ते उघडावेत. हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलेला आकडा म्हणजे तिथली सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. असे आकडे फक्त तळमजल्याच्या चार खांबांवर असतील, तर क्रम लावता येतो. पहिलं काम, त्या खांबांना ताबडतोब टेकू आणि कोअर चाचणी. पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. काँक्रीटची ताकद पुरेशी निघाली, तर दुसरं काम जॅकेटिंगसह दुरुस्ती. पुनर्विकास तिसरा. कोअर कमजोर निघाले आणि वरच्या मजल्यांवरही तोच दोष सापडला, तरच तो वर येईल.

सल्लागाराची शंका मात्र गाळू नका. तिचं रूपांतर अशा ‘तर’मध्ये करा, नाहीतर ती शिफारस तुमची, अहवालाची नव्हे. ठरावाचा मसुदा सल्लागाराला दाखवा आणि इमारत सी-१ की सी-२बी, हे सभेआधी लेखी घ्या.