उडत्या विमानात इंधन भरताना: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

10 सप्टेंबर 2018 रोजी तेजस या भारतीय लढाऊ विमानाने आकाशातच 1,900 किलो इंधन घेतले. उंची 20,000 फूट होती आणि वेग 270 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 500 किलोमीटर. इंधन देणारे विमान होते हवाई दलाचे आयएल-78. त्याआधीच्या आठवड्यात इंधन न घेता नुसते जोडून सुटण्याचे कोरडे सराव झाले होते. अशी दृश्ये बातम्यांत दिसली की ‘आता पल्ला अमर्याद झाला’ असे सर्रास म्हटले जाते. शिवाय इंधन देण्याच्या दोन पद्धतींपैकी कुठली सरस, यावरही बराच वाद चालतो. या दोन्ही बाबतींतले नेहमीचे पाच गैरसमज पाहू.

गैरसमज 1: टँकरमधला माणूस नळी आणून लढाऊ विमानाला जोडतो.

वस्तुस्थिती: हे एकाच पद्धतीत घडते. तिला बूम पद्धत म्हणतात. टँकरच्या शेपटीखाली एकात एक सरकणारी कडक नळी असते. तिच्यावर दोन छोटे पंख असतात आणि त्यांच्या साहाय्याने बूम ऑपरेटर ती नळी अक्षरशः उडवत नेतो. इंधन घेणारा वैमानिक टँकरच्या मागे-खाली ठरलेल्या जागी विमान स्थिर धरतो. ऑपरेटर नळी लांबवून त्या विमानाच्या पाठीवरच्या खाचेत बसवतो. अमेरिकी हवाई दलाची एफ-15, एफ-16 ही विमाने असेच इंधन घेतात.

तेजसने घेतले ते दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे प्रोब आणि ड्रोग वापरून. यात टँकर एक लवचीक नळी मागे सोडतो. नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते, तो ड्रोग. लढाऊ विमानाच्या नाकाजवळ पुढे आलेला दांडा असतो, तो प्रोब. इथे टँकर सरळ रेषेत उडत राहतो आणि टोपलीत दांडा घालण्याचे काम लढाऊ विमानाच्या वैमानिकालाच करावे लागते. दांडा टोपलीत बसला की वैमानिक नळी थोडी पुढे ढकलतो. नळी रिळावर काही मीटर गुंडाळली गेली की झडप उघडते आणि इंधन वाहू लागते. टँकरच्या पॉडवरचे दिवे त्याला स्थिती सांगतात: पिवळा असेल तर जोडायला हरकत नाही, हिरवा म्हणजे इंधन वाहते आहे आणि लाल म्हणजे दूर राहा किंवा सुटा.

गैरसमज 2: टोपलीची पद्धत जुनाट आहे, बूम आधुनिक.

वस्तुस्थिती: दोन्ही पद्धती 1940 च्या दशकाच्या अखेरीस, जवळपास एकाच वेळी आल्या. प्रोब आणि ड्रोग ब्रिटनमध्ये ॲलन कॉबम यांच्या कंपनीने विकसित केली, बूम अमेरिकेत बोइंगने. फरक पडला तो गरजेमुळे. अमेरिकी हवाई दलापुढे तेव्हा प्रश्न होता प्रचंड बॉम्बफेकी विमानांचा. त्यांना थोड्या वेळात कित्येक टन इंधन लागे आणि एवढ्या अवजड विमानाने टोपलीचा पाठलाग करणे कठीण होते. जाड, कडक नळी त्यांना सोयीची होती. टँकरचा ताफा बूमचा झाला, म्हणून पुढे त्यांची लढाऊ विमानेही त्याच पद्धतीने घडवली गेली.

नौदलांचे गणित वेगळे. विमानवाहू जहाजावर अवजड बूम टँकर उतरवता येत नाही. टोपलीचे पॉड मात्र लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगता येते, म्हणजे एक लढाऊ विमान दुसऱ्याला इंधन देऊ शकते. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरची भारतीय नौदलाची मिग-29के विमाने असे पॉड वापरू शकतात. हेलिकॉप्टरलाही टोपलीच लागते, कारण फिरणाऱ्या पात्यांच्या वर बूम आणणे शक्यच नाही. या निवडीचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे एफ-35. हे एकच विमान, पण हवाई दलासाठी बनलेल्या ‘ए’ आवृत्तीला बूमची खाच आहे, तर ‘बी’ आणि ‘सी’ आवृत्त्यांना प्रोब.

गैरसमज 3: बूममधून इंधन वेगाने वाहते, म्हणून लढाऊ विमानांसाठीही तीच चांगली.

वस्तुस्थिती: बूम मिनिटाला सुमारे 2,700 किलो इंधन देऊ शकते, टोपलीची नळी साधारण 700 ते 900 किलो. पण हा वेग पेलण्याइतक्या जाड वाहिन्या अवजड विमानांतच असतात. लढाऊ विमानाच्या टाक्या लहान आणि आतल्या वाहिन्या अरुंद असतात. त्यामुळे बूममधून घेतानाही बहुतेक लढाऊ विमानांना तो पूर्ण वेग वापरताच येत नाही.

शिवाय बूम टँकरला साधारणपणे एकच बूम असते, म्हणजे विमानांना रांग लावावी लागते. आयएल-78 ला तीन नळ्या आहेत, दोन पंखांखाली आणि एक मागच्या बाजूला. पंखांखालच्या दोन नळ्यांवर दोन लढाऊ विमाने एकाच वेळी इंधन घेऊ शकतात. एका विमानाला किती मिनिटे लागली यापेक्षा चार विमानांची सगळी तुकडी किती वेळात मोकळी झाली, हे मोहिमेत महत्त्वाचे असते. कारण शेवटच्याचे भरून होईपर्यंत पहिल्याने घेतलेले इंधन जळतच असते. अवजड विमानांना बूम आणि लढाऊ विमानांच्या जोडीला टोपली, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच एअरबस ए-330 वर बेतलेले टँकर दोन्ही सोयी घेऊन उडू शकतात. जुलै 2020 मध्ये फ्रान्सहून अंबाल्याला निघालेल्या पहिल्या पाच राफेलना वाटेत इंधन दिले ते फ्रेंच हवाई दलाच्या अशाच टँकरने, टोपलीतून. तरीही त्यांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या अल धफ्रा तळावर मुक्काम केलाच.

गैरसमज 4: एकदा टाकी भरली की पल्ला दुप्पट.

वस्तुस्थिती: दुप्पट होईल की नाही, हे टाकी कुठे भरली यावर ठरते. सोपे, काल्पनिक आकडे घेऊन गणित मांडू. एका लढाऊ विमानात 5,000 किलो इंधन मावते. उड्डाण करून उंचीवर पोहोचायला 800 किलो जातात. लक्ष्यावरच्या झटापटीला 1,000 किलो हवेत आणि उतरताना 1,000 किलो राखीव हवेत. प्रवासाला उरले 2,200 किलो. किलोमीटरला 3 किलो धरले तर एकूण 733 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन कारवाईचा पल्ला जेमतेम 365 किलोमीटर.

आता तळापासून 300 किलोमीटरवर टँकर उभा करू. तिथे पोहोचेपर्यंत 1,700 किलो जळलेले असतील. तेवढे भरून घेतले की टाकी पुन्हा 5,000. झटापट आणि राखीव वजा करता 3,000 किलो, म्हणजे 1,000 किलोमीटर उरतात. परतीचे 300 किलोमीटर त्यातच धरायचे असल्याने टँकरच्या पुढे 350 किलोमीटर जाता येते. पल्ला 650 किलोमीटर झाला. परतताना त्याच टँकरकडून आणखी 900 किलो घ्यायचे ठरवले, तर पुढे 500 किलोमीटर जाता येते आणि पल्ला 800 वर पोहोचतो.

पण या शेवटच्या 150 किलोमीटरची किंमत मोठी आहे. परतताना टोपली फाटली किंवा टँकर जागेवर नसला, तर विमानात 1,000 किलो आहेत आणि तळ गाठायला 900 लागणार. हाताशी उरतात फक्त 100 किलो. म्हणून नियोजन करणारे परतीच्या वाटेवर पर्यायी धावपट्टी किंवा दुसरा टँकर शोधतात, नाहीतर हा शेवटचा टप्पा सोडून देतात.

टँकरचा दुसरा फायदा धावपट्टीवरच सुरू होतो. उन्हाळ्यात किंवा लेहसारख्या उंचावरच्या तळावर हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि पूर्ण इंधन व पूर्ण शस्त्रे घेऊन विमान उडवता येत नाही. मग शस्त्रे पूर्ण घ्यायची, इंधन कमी घेऊन उडायचे आणि उरलेले वर गेल्यावर भरायचे. हा लाभ किलोमीटरमध्ये दिसत नाही, पण अनेकदा टँकर त्यासाठीच बोलावला जातो.

गैरसमज 5: खरा धोका ठिणगीचा, एकदा जोडले की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: अपघात होतात ते मुख्यतः जवळ येण्याच्या वेगामुळे. टोपलीकडे टँकरपेक्षा साधारण 3 ते 5 नॉट जास्त वेगाने सरकायचे असते. वेग त्याहून कमी पडला तर विमानाच्या नाकासमोरची दाबलेली हवा टोपलीला बाजूला ढकलते. वेग जास्त झाला आणि रिळाने ढिली नळी वेळेत ओढून घेतली नाही, तर नळीत लाट उठते आणि टोक चाबकासारखे परत येते. अशा वेळी प्रोबचे टोक मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या जागी तुटते, म्हणजे विमानाचा सांगाडा वाचतो. मात्र टोक तुटलेल्या विमानाला त्या दिवशी आणखी इंधन मिळत नाही.

बूमचीही गोष्ट तीच. 17 जानेवारी 1966 रोजी स्पेनमधल्या पालोमारेसजवळ एक अमेरिकी बी-52 टँकरजवळ गरजेपेक्षा वेगाने आले आणि दोन्ही विमानांची टक्कर झाली. सात जण मरण पावले आणि बॉम्बफेकी विमानातले चार अणुबॉम्ब खाली पडले. म्हणून दोन्ही पद्धतींत ‘ब्रेकअवे’ हा शब्द ऐकताच कारण न विचारता सुटायचे, हा पहिला नियम शिकवला जातो.

पद्धतीची निवड पुढे अनेक वर्षे देशाला बांधून ठेवते, हेही ध्यानात घ्यावे. भारताने 2003 पासून घेतलेली सहा आयएल-78 फक्त टोपलीची आहेत. सुखोई-30, राफेल, मिराज, तेजस यांना ती चालतात. पण हवाई दलाच्या सी-17 या मालवाहू विमानाला बूमची खाच आहे, त्यामुळे आपले हे टँकर त्याला थेंबभरही इंधन देऊ शकत नाहीत. म्हणून ‘अमुक विमानाचा पल्ला हजारो किलोमीटर’ असे वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: टँकर कुठे उभा आहे, त्याची नळी या विमानाला चालते का आणि त्या दिवशी उडण्याजोगे टँकर किती आहेत? उत्तरे मिळेपर्यंत तो आकडा फक्त कागदावरचा समजावा.