थर्मासात पाणी ठेवा, दूध नाही! रात्रीच्या अन् प्रवासातल्या डब्याच्या दुधाची नीट पद्धत

वलगाव : आमच्या गल्लीतल्या एका घरची गोष्ट. सूनबाई ऑपरेशनसाठी अमरावतीला भरती झाली आणि दीड महिन्याचं लेकरू आजीजवळ राहिलं. डॉक्टरांनी तेवढ्या दिवसांसाठी डब्याचं दूध लिहून दिलं. रात्री तीनदा उठावं लागे, त्यात लाइनीचा भरवसा नाही. म्हणून आजीनं सोपा उपाय काढला. रात्री नऊ वाजताच सगळं दूध बनवून थर्मासात भरायचं आणि लेकरू रडलं की त्यातून ओतायचं. "गरमच तर राह्यते ना भाऊ, थंडं थोडीच पाजतो," असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी लेकराला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "दूध कसं बनवता? किती वेळ ठेवता?" लेकरू तीन दिवसांत बरं होऊन घरी आलं. पण आजीच्या डोळ्यांतलं पाणी काही खळत नव्हतं. त्यांची चूक मायेपोटी झाली होती, आणि अशी चूक खूप घरांत होते. म्हणून ही माहिती देत आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. पहिले सहा महिने लेकराला आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. डब्याचं दूध फक्त डॉक्टरांनी सांगितलं तरच द्यायचं. आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं अशा डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून इथं कोणत्याही डब्याचं नाव येणार नाही. दूध कमी येते असं वाटलं तर डब्याआधी आशाताईला बोलवा. पण ज्या घरी खरोखरच गरज पडली, त्यांनी ते नीट बनवलं पाहिजे.

थर्मासात दूध का नासते?

डबा सीलबंद असला तरी आतली पावडर जंतूमुक्त नसते. ती कारखान्यात कितीही स्वच्छतेनं बनवली तरी तिच्यात थोडेफार जंतू राहू शकतात. त्यातला एक क्रोनोबॅक्टर नावाचा. त्याची लागण क्वचितच होते, पण झाली तर फार वाईट. दोन महिन्यांच्या आतल्या, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या लेकरांच्या तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणात शिरतो.

कोरड्या पावडरीत हे जंतू नुसते पडून राहतात, वाढत नाहीत. पावडरीत पाणी पडलं की त्यांना खायलाही मिळते आणि उबही मिळते. दह्याचं विरजण आठवा. कोमट दुधात थोडं विरजण घालून भांडं गुंडाळून ठेवलं की सकाळी दही तयार. थर्मासात कोमट दूध ठेवणं म्हणजे तेच काम, फरक एवढाच की इथं विरजण वाईट जंतूंचं. झाकण जितकं घट्ट, तितकी जंतूंची सोय चांगली. शिवाय असं दूध दिसायला, वासाला चांगलंच असते. ते नासल्याचं कळायला मार्ग नाही.

म्हणून थर्मासात फक्त उकळलेलं पाणी ठेवायचं आणि दूध प्रत्येक वेळी ताजं बनवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये यासाठी नियम दिला. पावडर कालवताना पाणी ७० अंशापेक्षा थंड नको. तेवढ्या गरम पाण्यानं पावडरीतले जंतू मरतात, कोमट पाण्यानं मरत नाहीत.

इथं एक घोळ होतो. बऱ्याच डब्यांवर "पाणी उकळून कोमट करा आणि मग पावडर टाका" असं छापलेलं असते. तुमच्या डब्यावर तसं असेल तर डबा डॉक्टरांना दाखवून विचारून घ्या. लेकरू दोन महिन्यांच्या आतलं किंवा अशक्त असेल तर हे नक्की विचारा. पद्धत कोणतीही सांगितली तरी बनवलेलं दूध ठेवायचं नाही, हे कायम.

थर्मास तपासायचा कसा?

घरातला थर्मास पाणी किती वेळ गरम ठेवतो, हे पाहण्यासाठी मी स्वयंपाकात वापरतात तसं १०० अंशांच्या वर मोजणारं थर्मामीटर आणलं. ताप पाहायचं थर्मामीटर यात घालू नका. ते ४२-४३ अंशापर्यंतच असते, गरम पाण्यात खराब होईल किंवा फुटेल.

एक लिटरचा स्टीलचा थर्मास घेतला. आधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं आणि फेकून दिलं, म्हणजे आतली भिंत तापते. मग पुन्हा उकळतं पाणी गळ्यापर्यंत भरून लगेच झाकण लावलं. तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. दीड वाजता पाणी ८६ अंश भरलं. पहाटे पाच वाजता, मधात एकदा उघडूनही, ७९ अंश होतं. म्हणजे रात्र निघाली.

दुसऱ्या रात्री घरातला जुना थर्मास घेतला, आतून न तापवता आणि अर्धाच भरून. दीड वाजता पाणी ६६ अंश. हातावर चटका बसेल एवढं गरम, पण आपल्या कामाचं नाही. हाताला गरम लागते म्हणजे पुरेसं गरम आहे, हा समज त्या रात्री गेला.

तुमच्या थर्मासाचे आकडे वेगळे येतील. थर्मामीटर नसेल तर तीन गोष्टी सांभाळा. थर्मास आधी तापवा, गळ्यापर्यंत भरा, आणि भरल्यावर अर्ध्या तासानं बाहेरून हात लावून पाहा. बाहेरची भिंत गरम लागली तर त्याच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली, तो थर्मास आता पाणी प्यायच्या बाटलीएवढाच. प्लास्टिकच्या, शाळेत नेतात त्या बाटल्याही या कामाला चालत नाहीत. चांगल्या थर्मासातलंही पाणी चार तासांच्या पुढं गेलं आणि तपासायची सोय नसेल, तर गॅस लावून पुन्हा उकळा. आणि एक, ज्या थर्मासात चहा ठेवता तो यासाठी वापरू नका.

पाणी कोणतं?

आपल्या भागात हा प्रश्न मोठा. भातकुली, दर्यापूरकडं आणि पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या, हापशीच्या पाण्यात क्षार जास्त. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते तसा खारेपणा वाढतो. पावडरीत स्वतःचे क्षार असतातच, त्यात खारं पाणी मिसळलं की लेकराच्या कोवळ्या किडनीवर भार पडतो. नळयोजनेचं गोडं पाणी किंवा फिल्टरचं पाणी घ्या. फिल्टरचं, कॅनचं असलं तरी उकळायचं. खळखळून उकळी आली की पुरे, फार आटवत बसू नका.

रात्रीचं काम असं करा

झोपायच्या आधी बाटली, बूच किंवा वाटी-चमचा साबणानं घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळून घ्या आणि झाकून ठेवा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं. ते घासायला सोपं, आणि लेकराला बाटलीच्या बुचाची सवय लागून आईचं दूध सुटत नाही.

समजा लेकरू १२० मिली पिते आणि डब्यावर ३० मिली पाण्याला एक चमचा लिहिलं आहे. हात धुवा. थर्मासातलं गरम पाणी उकळलेल्या बाटलीत १२० च्या रेघेपर्यंत ओता. मग डब्यातल्याच चमच्यानं, सुरीच्या पाठीनं सपाट करून, चार चमचे पावडर टाका. आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर माप चुकते. पैसे वाचवायला तीनच चमचे टाकले तर लेकरू उपाशी राहते, पाच टाकले तर पोटाला आणि किडनीला जड.

झाकण लावून हलवा आणि बाटली थंड पाण्याच्या गंजात उभी ठेवा. पाणी झाकणाच्या खाली राहू द्या. माठाचं पाणी असेल तर पाच-दहा मिनिटांत दूध पिण्याजोगं होते. लवकर व्हावं म्हणून दुधात थंड पाणी ओतू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहा, कोमट लागलं की पाजा. दोन तासांच्या आत संपलं नाही तर फेका. लेकरानं तोंड लावलेलं उष्टं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. हळहळ वाटते, डबा महाग आहे, पण दवाखाना त्याहून महाग पडते.

एस.टी.नं जायचं असलं तर

वलगावहून अमरावती आणि पुढं अकोल्याला जायचं म्हटलं तर बस धरून चार तास सहज जातात. निघायच्या वेळी उकळून थर्मास भरा. पावडर उकळून कोरड्या केलेल्या छोट्या डबीत, एका वेळच्या मापानं मोजून घ्या. रिकाम्या उकळलेल्या बाटल्या झाकण लावून वेगळ्या ठेवा. सोबत झाकणाचा रुंद डबा आणि साध्या पाण्याची बाटली घ्या, दूध थंड करायला.

चालत्या बसमधी थर्मास उघडू नका, आणि लेकरू मांडीवर असताना तर नाहीच. एक खड्डा लागला की ८० अंशाचं पाणी अंगावर. बस थांबल्यावर लेकरू दुसऱ्याजवळ देऊन मग बनवा. परत येताना तेच सकाळचं पाणी वापरू नका. ज्यांच्याकडं गेलात तिथं पुन्हा उकळून भरा.

एवढं करूनही लेकरू दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, झटके आले किंवा जुलाब थांबत नसतील, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा, आणि दूध कसं बनवलं, किती वेळ ठेवलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

आमच्या गल्लीतल्या आजी आता रात्री साडेनऊला थर्मास भरतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "यात निस्तं पाणी हाये बाप्पा, दूध त्याच टायमाले."